‘नमस्कार काकू’ म्हणा, आणि मग थांबा

पावसाळ्यातली गोष्ट आहे, धुळ्यातली, आमच्याच घरातली. संध्याकाळी सव्वासातला मुलाचा फोन वाजला. मुलगा दळण आणायला चक्कीवर गेलेला, फोन किचनमध्ये मिक्सरच्या बाजूला चार्जिंगला लावलेला. बायकोने पीठ लागलेल्या हाताने उचलला आणि हॅलो म्हणाली. समोरून एक सेकंद काहीच नाही आणि मग कट. दोन मिनिटांनी परत वाजला, परत ती हॅलो म्हणाली, परत कट. तिसऱ्यांदा माझ्या आईने उचलला, तर समोरून “काय भो, कुठे आहे तू” एवढं ऐकू आलं, आईने “कोन रे बाबा” विचारलं आणि लगेच फोन बंद. स्क्रीनवर नाव बघावं तर मुलाने ते “भो कॉलेज” असं सेव्ह केलेलं, आता त्याच्या कॉलेजात दोनशे भो असतील, आम्ही काय समजणार.

आठ वाजता मुलगा दळण घेऊन आला, त्याने फोन लावला तेव्हा कळलं की त्याचा मित्र आणि मित्राचा लहान भाऊ लळिंगच्या घाटाजवळ गाडीची चेन तुटून रस्त्याच्या कडेला उभे आहेत, पाऊस चालू, बाजूने ट्रक चाललेत, आणि फोनची बॅटरी संपत आलेली. लळिंग म्हणजे आमच्यापासून आठ-दहा किलोमीटर. मी त्या पाऊण तासात घरात बसून बातम्या बघत होतो, माझी गाडी दारात उभी होती. पहिल्या फोनला तो पोरगा फक्त “काकू, मी दादूचा मित्र, आमची गाडी बंद पडली” एवढं बोलला असता तर मी साडेसातपर्यंत तिथे पोचलो असतो.

त्याला घेऊन आलो, चहा दिला आणि नंतर शांतपणे विचारलं की बाबा तू फोन कट का केला. तो म्हणाला, “काका, काकूंनी उचलला तर काय बोलायचं ते सुचलंच नाही.” मला त्याचा राग नाही आला, खरंच नाही आला, कारण पोरगा उर्मट नाहीये, घरी आला की वाकून नमस्कार करतो. त्याच्यावर ही वेळच कधी आली नव्हती. दहावीनंतर स्वतःचा मोबाईल मिळाला, मित्रांचेही स्वतःचे मोबाईल, ज्याला लावला त्यानेच उचलला, मधे दुसरं माणूस कधी आलंच नाही. मग शिकणार कुठे?

म्हणून हा लेख लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की मित्राच्या आईने किंवा वडलांनी फोन उचलला तर आधी त्यांना नमस्कार करायचा, आपलं नाव सांगायचं, त्यांना उत्तर द्यायला जागा द्यायची आणि मगच मित्राला मागायचं. आणि हे पोरांना शिकवावं लागेल, आपोआप येणार नाही आता.

आमच्या वेळेला आपोआप यायचं कारण दुसरा मार्गच नव्हता. मी जळगावला शिकायला होतो आणि माझा मित्र सुट्टीत पारोळा तालुक्यातल्या त्याच्या गावी जायचा. त्याच्या घरी फोन नव्हता, त्याने मला पीपी नंबर दिलेला, म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पीपी नंबर म्हणजे शेजाऱ्याचा फोन, त्याच्यावर फोन करायचा आणि आपल्या माणसाला बोलावून घ्यायचं. मी एसटीडी बूथवर रांगेत उभा राहायचो, नंबर लागला की दुकानदार उचलायचे, “राम राम अप्पा, मी जळगावहून बोलतोय, अमक्याचा मित्र”, ते म्हणायचे “हां राम राम, कसं काय पाऊसपाणी तिकडे”, मग मी सांगायचो की त्याला जरा बोलावता का, मी दहा मिनिटांनी परत लावतो. मग अप्पा दुकानातल्या पोराला पिटाळायचे. दहा मिनिटांनी परत लावला की बरेचदा मित्राची आई पदर सावरत येऊन बसलेली असायची कारण तो शेतात गेलेला, मग तिच्याशी बोलायचं, तिला निरोप सांगायचा.

आणि हे सगळं होताना समोर त्या मीटरचे लाल आकडे पळत असायचे. प्रत्येक पल्सचे पैसे पडत होते आणि खिशात मोजून नोटा असायच्या, रात्री उशिरा रेट कमी व्हायचा म्हणून आम्ही जेवण आटपून मगच जायचो, तरीसुद्धा अप्पांना राम राम म्हटल्याशिवाय पुढे बोललोय असं मला आठवत नाही. आता कॉल फुकट आहे, दिवसभर बोला कोणी विचारत नाही, आणि आता म्हणतात की नमस्कार करायला वेळ नाही. मला हे पटत नाही.

आता खरा मुद्दा. बरेच जण म्हणतील की आम्ही करतो की नमस्कार. करतात, पण कसा? “नमस्कारकाकूपाटीलआहेका.” एका दमात. एकच शब्द असल्यासारखा. याला मी नमस्कार मानत नाही आणि का नाही ते सांगतो.

शेग्लॉफ नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६८ मध्ये फोनच्या सुरुवातीवर एक लेख लिहिला. रेकॉर्ड केलेले सुमारे ५०० फोन घेतले आणि फक्त पहिली दोन-चार वाक्यं कशी घडतात ते बघितलं. त्यांचं म्हणणं मराठीत सांगायला फार सोपं जातं कारण आपल्याकडे त्याला आधीच शब्द आहेत, हाक आणि ओ. फोनची रिंग ही हाक आहे. उचलणारा जे “हॅलो” म्हणतो तो नमस्कार नाही, ती हाकेला दिलेली ओ आहे, म्हणजे “मी आहे, बोल”. आपण अंगणातून “ओ काकू” म्हणून हाक मारतो आणि आतून “ओऽ” येतं, तसंच.

हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. काकू हॅलो म्हणाल्या म्हणजे नमस्कार झाला असं नाही, अजून काहीच झालं नाही. हाक तुम्ही मारली, ओ त्यांनी दिली, आता पुढचं बोलायची पाळी तुमची आहे. आणि नमस्कार ही दोन हातांची टाळी आहे, तुम्ही म्हणायचं आणि समोरच्याने “हां बाळा, नमस्कार” म्हणायचं, तेव्हा ती वाजते. एका दमात सगळं म्हटलं की समोरच्या माणसाची पाळीच खाल्ली जाते. त्यांना फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उरतं, आहे किंवा नाही. म्हणजे शब्द नमस्काराचा आणि वागणूक निरोप्यासारखी. म्हणून मी मुलाला सांगितलं की नमस्कार म्हण आणि एक श्वास घे. तेवढाच वेळ लागतो, एक श्वास.

मुलाच्या वर्गातल्या एका मुलीचा फोन परवा बायकोने उचलला, तो कसा झाला ते जसंच्या तसं सांगतो कारण त्यात सगळं आहे.

“हॅलो.”

“नमस्कार काकू, मी दादूच्या वर्गातली, प्रॅक्टिकलला त्याच्या बॅचमध्ये आहे.” इथे तिने नावही सांगितलं, मी लिहीत नाही. मग थांबली.

“हां बोल गं बेटा.”

“बऱ्या आहात ना? जेवणं व्हायची का अजून?”

“भाकरी टाकतेय आत्ता.”

“मग जास्त वेळ नाही घेत. दादू आहे का घरी? जर्नलचं विचारायचं होतं.”

“आहे, थांब देते.”

वीस सेकंदसुद्धा नसतील. पण बघा किती कामं झाली. नाव सांगितलं आणि नुसतं नाव नाही, नातं सांगितलं, म्हणजे काकूंना डोक्यात एक जागा मिळाली तिला बसवायला. प्रश्न विचारला तो असा की त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, “जेवण झालं का” हा आपल्याकडचा फार हुशार प्रश्न आहे, त्यात काळजी पण आहे आणि तो लांबत नाही, “तब्येत कशी आहे” विचारलं आणि समोर गुडघे दुखणारं माणूस असलं की मग दहा मिनिटं ऐकायची तयारी पाहिजे आणि ऐकायची तयारी नसेल तर तो प्रश्न विचारू नये, अर्धवट तोडण्यापेक्षा न विचारलेला बरा. मग भाकरी चाललीये कळल्यावर तिने स्वतःच आवरतं घेतलं. म्हणजे तिने उत्तर ऐकलं. आणि शेवटी “बोलायचं आहे” नाही, “विचारायचं होतं”. आपल्या भाषेत हे “होतं” फार काम करतं, मागणीची धार घालवतं. “दादूला द्या” आणि “दादूशी बोलायचं होतं” यात किती फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको.

अजून एक बारीक गोष्ट, तिने त्याचं घरातलं नाव घेतलं. कॉलेजात पोरं एकमेकांना आडनावाने हाक मारतात, ठीक आहे, पण आमच्या घरी फोन करून “पाटील आहे का” विचारलं तर आमच्याकडे सगळेच पाटील आहेत. माझ्या आईला असं विचारलं की ती मलाच फोन आणून देते. खान्देशात निम्म्या घरांत हे होणार. पहिलं नाव घ्या, सरळ.

नाव घेण्यासारखंच हाक मारण्याचं आहे. शहरात काका-काकू चालतं, कुठेही चालतं. पण मित्र खेड्यावरचा असेल तर त्याला एकदा विचारून घ्यावं की तुझ्या वडलांना काय म्हणतात. कोणाकडे नाना, कोणाकडे आबा, अप्पा, जिभाऊ, आईला कोणी मावशी, कोणी काकी, कोणी माय. आणि नमस्कार पण घरोघर वेगळा आहे, कोणाकडे राम राम, कोणाकडे जय भीम, महानुभावांच्या घरी दंडवत, वारकऱ्याच्या घरी रामकृष्ण हरी, जैनांकडे जय जिनेंद्र, कोणाकडे सलाम. ते जे म्हणतील ते आपण उलट म्हणायला काहीच हरकत नाही, आणि माहीत नसेल तर नमस्कार सगळीकडे चालतो. मी स्वतः खेड्यावरच्या मित्राच्या आईशी अहिराणीतच सुरू करतो कारण प्रमाण मराठीत बोललो की ती माउली लगेच सावध होते, तिला वाटतं बँकेतून किंवा ऑफिसातून कोणाचा फोन आहे.

आता लोक काय म्हणतात ते. माझ्या भाच्याने वाद घातला की मामा मोबाईल पर्सनल असतो, मी मित्राला फोन केला, काकूंना नाही, त्यांनी उचललाच का? यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. वीस वर्षांच्या पोराचा फोन आईबापाने उगाच उचलू नये, आणि उचलून चौकशी तर अजिबात करू नये. पण पुन्हा पुन्हा वाजतोय, पोरगा बाथरूममध्ये आहे, काही अर्जंट असेल म्हणून आईने हातातलं काम टाकून उचलला, तर तिने ते तुमच्यासाठीच केलंय ना. मग “उचलला का” हा वाद मित्राने त्याच्या आईशी घालावा. फोनच्या दुसऱ्या बाजूला आत्ता एक माणूस आहे आणि ते माणूस तुमच्याशी बोलतंय.

घराचं उदाहरण घ्या. आपल्याकडे मित्राकडे गेलो की ओट्यावर त्याची आई गहू नाहीतर डाळ निवडत बसलेली असते, आपण तिला ओलांडून न बोलता आत शिरतो का? कोणीच शिरत नाही. “काय मावशी” म्हणतोच म्हणतो. फोनवर ओटा दिसत नाही एवढाच फरक.

दुसरं म्हणतात की हे सगळं जुनं आहे, बाहेर कोणी करत नाही. इथे मला गंमत वाटते ती अशी की “बाहेर” एकसारखं नाहीच आहे. डॅनिएल गोदार नावाच्या फ्रेंच बाईंनी १९७७ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या फोनच्या सुरुवातीची तुलना केली होती. फ्रान्समध्ये फोन करणाऱ्याने आपलं नाव सांगावं, त्रास दिल्याबद्दल माफी मागावी आणि ओळखीच्या माणसाने उचलला तर त्याच्याशी थोडं बोलावं अशी अपेक्षा असायची, आणि अमेरिकेत सरळ “अमका आहे का” विचारलं तर त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. म्हणजे अमेरिकन माणूस उद्धट असतो असं नाही, त्याच्या घरातली रीत ती, फ्रान्समधली ही. मग आपल्या घरातली रीत कोणती ते आपण ओट्यावर बघावं, दुसऱ्याच्या देशात कशाला शोधायची.

तिसरी तक्रार मात्र खरी आहे आणि ती आईबापांनी ऐकावी. पोरं म्हणतात की नमस्कार केला की काकू सोडत नाहीत, किती मार्क पडले, नोकरीचं काय, लग्नाचं बघताय का नाही. एका पोराने मला सांगितलं की मित्राच्या वडलांनी त्याला सेमिस्टरच्या निकालावरून फोनवर इतकं झापलं की त्याने त्या घरी फोन करणंच सोडलं. चूक त्या वडलांची आहे. नमस्कार घ्यायचा, एक वाक्य बोलायचं आणि फोन पोराकडे द्यायचा, ही आपली बाजू आहे टाळीची. पोरगा घरी नसेल तर “बाहेर गेलाय, अर्ध्या तासाने कर” असं वेळेसकट सांगायचं आणि कोणाचा फोन होता ते लक्षात ठेवून सांगायचं. आम्ही मोठ्यांनी हे पाळलं नाही तर पोरांनी कट केला म्हणून रडायचा अधिकार नाही आम्हाला.

काही वेळा नमस्कार मागे ठेवावा लागतो. लळिंगच्या घाटात उभं राहून कोणी “जेवण झालं का” विचारू नये, तिथे नाव आणि काम, बस. आणि घरात दुःख झालेलं असेल तर “कसे आहात” हा प्रश्न टाकूच नये, नुसतं “काकू, मी बोलतोय” आणि नाव, आणि मग त्या बोलतील ते ऐकायचं. ओळखीचा आवाज वाटला म्हणून लगेच सुरू होऊ नये हे पण सांगायला पाहिजे, बाप आणि पोराचा आवाज फोनवर हुबेहूब सारखा येतो, माझा आणि माझ्या मुलाचा येतो, त्याचे मित्र मला “काय भो” म्हणून पुढे काय काय बोलून गेलेत. आपण नमस्कार म्हणून समोरचा हॅलोनंतर अजून एक शब्द बोलेपर्यंत थांबलं की कळतं.

पण सगळ्यात जास्त मला ज्याचं वाटतं ते मुलींच्या घरच्या फोनचं. पोराने वर्गातल्या मुलीला नोट्ससाठी फोन केला, वडलांनी उचलला, पोराने घाबरून कट केला. पोराच्या बाजूने विषय संपला, तो गेला क्रिकेट खेळायला. तिकडे तिच्या घरात काय सुरू होतं याचा विचार करा. कोणाचा फोन होता, कट का केला, लपवण्यासारखं काय आहे, दाखव मोबाईल. आपल्याकडे अजून अशी घरं आहेत की एवढ्यावरून मुलीचा फोन काढून घेतात, क्लास बंद करतात, मी स्वतः नात्यात बघितलंय. त्या कट केलेल्या कॉलचं बिल ती मुलगी भरते. आणि तोच पोरगा “नमस्कार काका, मी तिच्या वर्गातला, अमुक नाव, उद्याच्या सबमिशनचं विचारायचं होतं” असं सरळ म्हणाला तर बहुतेक बाप काय करतात? जरा जड आवाजात “थांब देतो” म्हणतात. देतात फोन. सगळे देतील असं मी म्हणत नाही, पण नाव सांगणाऱ्याचा संशय कमी येतो आणि कट करणाऱ्याचा नक्की येतो, एवढं मी मुलीचा मामा म्हणून सांगू शकतो. म्हणून मुलींच्या बाबतीत तर ही निव्वळ सभ्यतेची गोष्ट राहत नाही, तिला आपल्यामुळे त्रास होऊ नये याची ती जबाबदारी आहे.

लळिंगच्या त्या प्रकारानंतर मी मुलाला विचारलं की तुझे तीन जवळचे मित्र, त्यांच्या आयांना तू काय हाक मारतो? एकीला काकू म्हणतो म्हणाला, बाकी दोघींशी कधी बोललोच नाही. त्यातल्या एकाचं घर साक्रीकडे खेड्यावर आहे, आईला फक्त अहिराणी येते. आमचा मुलगा धुळ्यात वाढला, अहिराणी समजते पण बोलायला लाजतो. त्याला म्हटलं एकच वाक्य पाठ कर, “राम राम मावशी, जेवन व्हयनं का?”, पुढचं ती बघून घेईल. त्याची आजी पण त्याला दोन दिवस म्हणायला लावत होती.

रविवारी त्याने मित्राला फोन लावला आणि खरंच त्या आईने उचलला. पोराने वाक्य म्हटलं आणि थांबला. पलीकडून दोन क्षण शांतता आणि मग आवाज इतका मोठा आला की मला शेजारी बसून ऐकू आला, “व्हयनं रे भाऊ, तू कोना पोऱ्या शे?” त्याने गाव सांगितलं, आमचं मूळ गाव, आजोबांचं नाव सांगितलं. मग तिने विचारलं की तुमच्याकडे पाऊस झाला का, कपाशी कशी आहे, आजी बरी आहे का, त्याला सगळं येत नव्हतं, काही मराठीत, काही अहिराणीत देत होता उत्तरं, आणि माझी आई बाजूला बसून त्याला शब्द सांगत होती. मधेच मागून मित्राचा आवाज आला, “माय, दे ना फोन”, आणि ती त्याला म्हणाली, “थांब रे, आम्ही बोली ऱ्हायनूत.”